ट्यूबचं शेपूट काय सांगतं

जून २००७ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लोकांना एक इशारा दिला. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलँड या राज्यांतल्या स्वस्त मालाच्या दुकानांत कोलगेटच्या नावाने बनावट टूथपेस्ट सापडली होती. वेष्टनावर ती दक्षिण आफ्रिकेत बनल्याचं छापलं होतं. कंपनीचं म्हणणं सरळ होतं: आम्ही दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत पेस्ट आणतच नाही. या नकली पेस्टमध्ये फ्लोराइड नव्हतं. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल असण्याची भीती मात्र होती. हा चवीला गोडसर, घट्टसर आणि ग्लिसरीनपेक्षा स्वस्त द्रव आहे. पेस्ट मऊ राहावी म्हणून ग्लिसरीन किंवा सॉर्बिटॉल घालतात, तिथे हा बेमालूम खपतो आणि पोटात गेला तर मूत्रपिंडाला घातक ठरतो. त्याच्या आदल्याच वर्षी पनामात हा द्रव खोकल्याच्या औषधात गेला होता आणि माणसं दगावली होती.

हा माल ओळखायचा कसा, यासाठी प्रशासनाने वेष्टनावरच्या तीन चुका सांगितल्या. एका ठिकाणी 'इज' आणि 'क्लिनिकली' हे दोन इंग्रजी शब्द मध्ये जागा न सोडता जोडले होते. 'आफ्रिका'च्या मोठ्या लिपीतल्या स्पेलिंगमध्ये 'आय'च्या जागी 'एल' पडला होता. दंतवैद्यांच्या संघटनेच्या नावातल्या 'असोसिएशन'मध्ये 'सी'ऐवजी 'एक्स' होता. नीट पाहिलं तर या चुका काही बोलतात. 'सी' आणि 'एक्स' कीबोर्डवर शेजारीशेजारी असतात, म्हणजे कुणीतरी मजकूर हाताने पुन्हा टाइप केला होता. साध्या वळणाच्या अक्षरांत मोठा 'आय' आणि लहान 'एल' सारखेच दिसतात, म्हणजे टाइप करणारा बहुधा शब्द वाचत नव्हता, आकार उतरवत होता. मूळ कंपनीकडे वेष्टनाची तयार फाइल असते. तिला पुन्हा टाइप करायची वेळच येत नाही. ही चूक अस्सल मालात कशी येणार, या प्रश्नाला उत्तर सापडत नाही, म्हणून ती पुरावा ठरते.

आता असल्या ढोबळ चुकांवर भिस्त ठेवून चालत नाही. अस्सल ट्यूब स्कॅन करायची, रंग जुळवायचे आणि रोलवर छापून घ्यायची, हे छोट्या छापखान्यालाही जमतं. समोरचं लाल-पांढरं चित्र, चमकणारे दात, कंपनीचं नाव हे सगळं बाजारातल्या डुप्लिकेट मालावर बरंच हुबेहूब असतं. माझं मत असं, की संशयित ट्यूबचा फोटो पाहताना समोरच्या चित्रावर कमीत कमी वेळ घालवावा आणि ट्यूबच्या शेपटाकडे, म्हणजे झाकणाच्या विरुद्ध टोकाच्या चपट्या पट्टीकडे, जावं. चित्र छापता येतं. शेपूट मात्र पेस्ट भरणाऱ्या कारखान्यातल्या यंत्राने घडवलेलं असतं, आणि ते यंत्र नक्कल करणाऱ्याकडे सहसा नसतं.

त्यासाठी ट्यूब बनते कशी हे थोडं पाहायला हवं. जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या ट्यूबचं टोक करंजीला मुरड घालावी तसं दोन-तीनदा दुमडून दाबलेलं असायचं. क्रिंप हा शब्द तिथला. आजच्या पेस्टच्या ट्यूब बहुतेक लॅमिनेटच्या असतात: प्लॅस्टिकचे थर आणि मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पडदा, किंवा नुसतेच प्लॅस्टिकचे थर. ठाणे जिल्ह्यात मुंबई-नाशिक रस्त्यावरच्या वासिंदला ज्यांचा कारखाना आहे ते एस्सेल प्रोपॅक, आताचं नाव ईपीएल, हे अशा ट्यूब बनवणाऱ्या जगातल्या मोठ्या उत्पादकांपैकी एक. लॅमिनेटचा रोल सपाट असतानाच त्यावर छपाई होते. मग त्याची पट्टी गोल वळवून कडेवर कड चढवतात आणि उष्णतेने जोडतात. ट्यूबच्या पाठीवर उभी जाणारी बारीक रेघ दिसते ती या जोडाची. त्या नळीला प्लॅस्टिकचा खांदा आणि झाकण बसतं आणि ट्यूब पेस्टच्या कारखान्यात जाते. त्या वेळी तिचं शेपूट उघडंच असतं.

पेस्ट तोंडातून भरत नाहीत, शेपटातून भरतात. ट्यूब झाकण खाली करून यंत्रातल्या एका कपात उभी राहते. शेपटाच्या कडेशी छापलेला एक छोटा रंगीत चौकोन असतो. यंत्रातला प्रकाशाचा डोळा तो शोधतो आणि सापडेपर्यंत ट्यूब गोल फिरवतो. चौकोन सापडला की ट्यूबची दर्शनी बाजू बरोबर समोर आलेली असते. मग पेस्ट भरली जाते आणि शेपटाच्या आतल्या बाजूला गरम हवा सोडतात. आतलं प्लॅस्टिक मऊ झालं की धातूचे दोन थंड जबडे दोन्हीकडून येऊन ते दाबून टाकतात. जबड्यांवरच्या बारीक खाचा प्लॅस्टिकवर उमटतात आणि जबड्यांतच बसवलेले पोलादी ठसे त्याच दाबात बॅच नंबर आणि तारीख उठवतात. शेवटी पातं येऊन वरची उरलेली कड सरळ कापतं.

त्या रंगीत चौकोनाची कथा व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरते आहे: हिरवा म्हणजे नैसर्गिक, निळा म्हणजे औषधी, काळा म्हणजे निव्वळ रसायन. त्यात काहीही तथ्य नाही. यंत्राच्या डोळ्याला ट्यूबच्या रंगावर उठून दिसेल असा कोणताही रंग चालतो. चौकोनाचा रंग पाहून पेस्टबद्दल काही कळत नाही. पण चौकोन जे काम करतो त्याची खूण मात्र शेपटावर राहते. यंत्राने फिरवून लावलेल्या ट्यूबमध्ये समोरचं चित्र चपट्या बाजूच्या मधोमध येतं आणि पाठीवरचा जोडही बहुतेक ट्यूबमध्ये मागच्या बाजूच्या मध्याजवळ असतो. हाताने एकेक ट्यूब धरून बंद केली, तर चित्र थोडं कडेकडे सरकतं. एका ट्यूबमध्ये डावीकडे, दुसरीत उजवीकडे. यंत्रही कधी बिघडतं आणि तिरक्या ट्यूब देतं, म्हणून एका तिरक्या ट्यूबला महत्त्व देऊ नये. एकाच दुकानातल्या चार ट्यूब चार दिशांना तिरक्या असतील तर मात्र थांबावं.

आता खुद्द पट्टी. गरम हवेने आतून मऊ करून जबड्यात दाबलेली पट्टी साधारण अर्धा सेंटिमीटर रुंद, एकसारख्या जाडीची आणि बाहेरून न वितळलेली असते. तिच्यावरची छपाई शाबूत राहते, कारण उष्णता आतून दिलेली असते. घरगुती पातळीवर काम करणाऱ्याकडे मसाल्याच्या किंवा फरसाणाच्या पिशव्या बंद करायचं हातयंत्र असतं. त्यात तापलेली तार बाहेरून दाबते. त्याचा शिक्का म्हणजे दोन-तीन मिलिमीटरची एकच अरुंद रेघ, तिच्या आजूबाजूला सुरकुत्या, रेघेवरची शाई फिकट किंवा चकाकी गेलेली, आणि टोकाची कड कात्रीने कापल्यासारखी वरखाली. आत पेस्टचा थेंब अडकून राहिला तर तिथे पट्टी फुगते आणि दाबलं की पेस्ट शेपटातून बाहेर येते.

पण इथे एक पथ्य पाळावं लागतं. खाचांची नक्षी वेगळी दिसली म्हणून ट्यूब नकली होत नाही. एकच कंपनी दोन-तीन राज्यांतल्या कारखान्यांत पेस्ट भरते, प्रत्येक ठिकाणी वेगळं यंत्र असतं, काही ठिकाणी गरम हवेऐवजी ध्वनिलहरींनी शिवण घालतात. उभ्या खाचा, आडव्या खाचा, बारीक जाळी, सगळं अस्सल मालात सापडतं. लहान ट्यूब आणि मोठी ट्यूब एकाच कंपनीची असूनही शेपटात फरक असतो. म्हणून नक्षी कोणती हे न पाहता काम नीट झालंय का हे पाहावं: जाडी, सरळपणा, शाबूत छपाई.

बॅचची उठावाची अक्षरं ही शेपटातली सर्वांत बोलकी गोष्ट. प्लॅस्टिक गरम असतानाच ठसा बसतो, म्हणून अक्षराच्या कडा मऊ गोलसर असतात, खोली सगळीकडे सारखी असते आणि पट्टीच्या मागच्या बाजूला त्याच अक्षरांची उलटी छाया बहुतेकदा जाणवते. बोट फिरवलं तरी लागते. नंतर, थंड झाल्यावर, हाताने ठोकलेल्या ठशाने प्लॅस्टिक ताणलं जातं आणि अक्षराभोवती पांढुरका डाग पडतो. शिवाय हात एका बाजूला जास्त दाबतो, म्हणून पहिला आकडा खोल आणि शेवटचा पुसट असतो. यंत्रातही ठसा थोडा वाकडा बसलेला असू शकतो. पण तो बॅच संपेपर्यंत तसाच राहतो, म्हणून त्याच जबड्यातून निघालेल्या प्रत्येक ट्यूबवर तोच आकडा तितकाच वाकडा असतो. अस्सल मालातली चूक पुन्हा पुन्हा तशीच येते. हाताची चूक दर वेळी नवी असते.

काही कंपन्या उठावाऐवजी शाईच्या फवाऱ्याने किंवा लेझरने बारीक ठिपक्यांत कोड छापतात. तेही अस्सलच. ज्या प्रकाराचा खरोखर संशय घ्यावा तो वेगळा: बॅच नंबर आणि तारीख ट्यूबच्या बाकी मजकुराबरोबर, त्याच शाईत, त्याच अक्षरवळणात छापलेली असणं. ट्यूबचा रोल छापला जातो तेव्हा पेस्ट कधी भरली जाईल हे छापखान्याला माहीत नसतं. तारीख नंतरच यायला हवी. ती आधीच छापून आलेली असेल, तर तो रोल एकाच न बदलणाऱ्या तारखेसाठी छापला गेला आहे.

मिरजेच्या एका किराणा दुकानदारांनी मध्यंतरी मला फोटो पाठवले. नेहमीच्या वितरकाऐवजी एका फिरत्या विक्रेत्याने त्यांना डझनभर ट्यूब देऊ केल्या होत्या, भाव वितरकाच्या भावापेक्षा बराच खाली. त्यांनी नमुन्याची एक ट्यूब ठेवून घेतली आणि आपल्या मांडणीवरची तीच, शंभर ग्रॅमची, शेजारी ठेवून फोटो काढले. "दादा, लाल रंग बघा, किती गडद आहे," असं त्यांनी लिहिलं होतं. रंगाकडे मी लक्ष दिलं नाही. दोन फोटो दोन ठिकाणच्या उजेडात काढले होते. फोनचा कॅमेरा ट्यूबलाइटखाली आणि उन्हात लाल रंग वेगवेगळा दाखवतो, आणि अस्सल रोलच्या दोन छपाया रंगात तंतोतंत कधीच जुळत नाहीत.

मी त्यांना फोटो पुन्हा काढायला सांगितले. दोन्ही ट्यूब एकाच फोटोत, सपाट टेबलावर, शेजारी मोजपट्टी. फोन ट्यूबला समांतर, थोडा लांब धरून झूम करून, कारण अगदी जवळून काढलेल्या फोटोत कडा वाकड्या दिसतात. फ्लॅश बंद. खोलीतला दिवा मालवून दुसऱ्या फोनची टॉर्च टेबलाच्या पातळीवरून आडवी मारायची. सरळ उजेडात उठावाची अक्षरं गायब होतात. आडव्या उजेडात त्यांच्या सावल्या पडतात आणि खोली दिसते. टॉर्च डावीकडे आहे की उजवीकडे हे लिहून ठेवायचं, नाहीतर खोलगट अक्षर उंच दिसतं आणि उंच अक्षर खोल. शेपटाच्या दोन्ही बाजू, पाठीवरचा जोड, खोक्याची सगळी अंगं. आणि फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायचे. व्हॉट्सॲपवर साधा फोटो गेला की तो दाबून लहान होतो आणि बारीक अक्षरांचे लगदे होतात. ते लगदे छपाईचा दोष समजून कितीतरी लोक अस्सल ट्यूबवर आळ घेतात.

नव्या फोटोंत दुकानातल्या ट्यूबची पट्टी मोजपट्टीवर पाच मिलिमीटर भरली, उभ्या खाचा एकसारख्या, अक्षरं दोन्ही बाजूंना जाणवणारी. नमुन्याच्या ट्यूबची पट्टी दोन मिलिमीटरची, खाचा नाहीत, डाव्या कोपऱ्यात सुरकुती, आणि पाठीवरचा जोड मध्यापासून सरकून जवळजवळ कडेवर आलेला. अक्षरं समोरून दिसत होती, मागे मागमूस नव्हता, आणि पहिल्या दोन आकड्यांभोवती पांढुरकी झाक होती. इतपत माहितीवर मी म्हटलं असतं, ही ट्यूब दुसऱ्या यंत्रावर किंवा हातावर बंद झाली आहे, बस. तिला नकली म्हणायला एवढं पुरत नाही.

खरं वजन आलं ते खोक्यामुळे. ट्यूबवरचा बॅच नंबर आणि खोक्यावरचा बॅच नंबर वेगळे निघाले, आणि वापरायची अंतिम तारीखही जुळेना. भरलेली ट्यूब त्याच ओळीवर खोक्यात जाते, दोन्हींवर कोड त्याच पाळीत पडतो. दुकानात खोकी फाटतात, ट्यूब अदलाबदल होतात हे खरं, म्हणून मी त्यांना आणखी दोन नमुने मागवायला सांगितले. ते विक्रेत्याने आनंदाने दिले. तिन्ही ट्यूबवर एकच बॅच, तिन्ही खोक्यांवर दुसराच एक बॅच. अदलाबदल अशी शिस्तीत होत नाही. दुकानदारांनी खोक्यावरच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन केला नाही. तो क्रमांक त्यांनी आपल्या मांडणीवरच्या जुन्या खोक्यावरून घेतला, आणि ते फार शहाणपणाचं होतं. नकली खोक्यावरचा क्रमांक कुठे लागेल याची खात्री नसते. कंपनीच्या माणसाने नंबर तपासून सांगितलं, की ट्यूबवरचा बॅच खरा आहे, पण तो दोनशे ग्रॅमच्या पॅकचा. म्हणजे कुणीतरी मोठ्या अस्सल ट्यूबवरून आकडे उतरवले होते. बॅच नंबर खरा निघाला म्हणून ट्यूब खरी, असं म्हणता येत नाही, ते याचसाठी.

छापील मजकुराकडे या क्रमाने शेवटी यावं, पण यावं जरूर. आपल्याकडे टूथपेस्ट हे कायद्याच्या भाषेत कॉस्मेटिक आहे. १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालचे २०२० चे कॉस्मेटिक नियम तिला लागू होतात. त्यामुळे काही गोष्टी लेबलवर असाव्याच लागतात: उत्पादकाचं नाव-पत्ता, 'बी' अक्षराने सुरू होणारा बॅच नंबर, 'एम' अक्षराने सुरू होणारा उत्पादन परवान्याचा क्रमांक, कधीपर्यंत वापरायची तो महिना आणि वर्ष, घटकांची यादी. पेस्टमध्ये फ्लोराइड असेल तर ते दहा लाख भागांत हजार भागांपेक्षा जास्त नसावं आणि त्याचं प्रमाण ट्यूबवर आणि खोक्यावर, दोन्हीकडे, छापलेलं असावं. ही दोन्हीकडची अट फोटो ताडताना उपयोगी पडते. खोकं दर्शनी असतं म्हणून नक्कल करणारा ते मन लावून उतरवतो, आणि ट्यूबवरच्या बारीक अक्षरांत कंटाळतो. मिरजेच्या नमुन्यात खोक्यावर फ्लोराइडचा आकडा होता. ट्यूबवर त्या जागी फक्त धूसर राखाडी ओळ होती. आयुर्वेदिक पेस्ट अनेकदा औषधाच्या परवान्यावर बनतात, तिथे लेबलाचे नियम वेगळे असतात. कॉस्मेटिकच्या यादीशी त्यांचं लेबल ताडून 'हे नाही, ते नाही' म्हणत बसू नये.

दाव्यांच्या बाबतीत लोकांची हमखास गल्लत होते. 'एवढ्या बढाया मारल्यात, नकलीच असणार' हा तर्क टिकत नाही. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सेन्सोडाइनच्या जाहिरातींवर कारवाई केली. जगभरचे दंतवैद्य शिफारस करतात, जगातली क्रमांक एकची सेन्सिटिव्हिटी टूथपेस्ट, अशा दाव्यांच्या जाहिराती थांबवायला सांगितलं आणि दहा लाख रुपये दंड केला. पेस्ट अस्सल होती, प्रश्न दाव्याचा होता. दावा पोकळ असणं आणि ट्यूब बनावट असणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्यांचे दरवाजेही वेगळे.

नक्कल पकडायला दाव्याचा उपयोग वेगळ्या रीतीने होतो. मोठ्या कंपनीच्या दाव्यावर बहुतेकदा तारांकन असतं आणि खाली कुठेतरी बारीक अक्षरांत त्याचा आधार: कशाच्या तुलनेत, किती दिवसांच्या वापरानंतर. नकली पॅकवर वरचा तारा उरतो आणि खालची ओळ गळते, किंवा तारा एका दाव्यावर आणि खुलासा दुसऱ्याच दाव्याचा असतो. दुसरी खूण काळाची. कंपन्या दावे आणि पॅकची मांडणी दर एक-दोन वर्षांनी बदलतात. तारीख गेल्या महिन्याची आणि मजकूर चार वर्षांपूर्वीच्या पॅकवरचा, असं दिसलं तर ज्या ट्यूबवरून नक्कल केली ती जुनी होती असा अंदाज बांधता येतो. यासाठी ताडायची ट्यूब त्याच वजनाची, त्याच प्रकारची आणि शक्य तितक्या जवळच्या तारखेची हवी. ऑनलाइन दुकानातलं चित्र यासाठी निरुपयोगी असतं. ते कंपनीने संगणकावर तयार केलेलं असतं, त्यावर बॅच नसतो, पट्टीही खरी नसते, आणि ते वर्षानुवर्षं बदललं जात नाही.

परदेशी लिपी दिसली म्हणूनही घाबरू नये. दुबईहून किंवा व्हिएतनामहून आलेली अस्सल ट्यूब इथल्या ट्यूबपेक्षा वेगळी दिसणारच. पण दुकानात विकायला ठेवली असेल तर आयातदाराचं नाव आणि इथली किंमत तिच्यावर चिकटवलेली हवी. नसेल तर ती बहुधा आडमार्गाने आली आहे. हा वेगळा गुन्हा आहे, त्याला बनावट म्हणत नाहीत.

ब्रशचं पॅक फोटोवरून पारखणं जास्त कठीण, आणि त्याला एक साधं कारण आहे. ब्रश कॉस्मेटिक नाही. परवाना क्रमांक, घटकांची यादी असलं काही त्यावर असायची सक्ती नाही. आवेष्टित वस्तूंचे वजनमापाचे नियम तेवढे लागू: उत्पादक किंवा आयातदार, नगांची संख्या, सगळ्या करांसह कमाल किंमत, महिना-वर्ष, तक्रारीचा पत्ता. ताडायला मजकूरच कमी.

तिथे कार्ड आणि त्यावर चिकटवलेला प्लॅस्टिकचा फुगा पाहावा. अस्सल पॅकमध्ये फुगा कार्डावर उष्णतेने चारी बाजूंनी सारखा चिकटतो. तो उघडताना कार्डाचा छापील पापुद्रा निघून येतो. नकली पॅकमध्ये तो स्टेपल केलेला किंवा गोंदाच्या ठिपक्यांवर असतो आणि अलगद सुटतो. मग ब्रशच्या दांड्याच्या खालच्या भागात बारीक आकडा शोधावा. एका साच्यात अनेक दांडे एकदम ओतले जातात आणि प्रत्येक खणाला क्रमांक असतो. डझनाच्या अस्सल खोक्यात त्यामुळे वेगवेगळे आकडे मिळतात. बाराच्या बारा ब्रशवर एकच आकडा असेल, तर ज्या एका ब्रशवरून साचा उतरवला त्याचा तो आकडा असावा, अशी शंका घेता येते. केसांची टोकं फोनच्या मॅक्रोने पाहावीत. चांगल्या ब्रशची टोकं घासून गोल केलेली असतात. तशीच कापून सोडलेली टोकं काटकोनात तुटलेली दिसतात आणि हिरड्या ओरखडतात. पण स्वस्त अस्सल ब्रशमध्येही हे घासकाम अर्धवट झालेलं आढळतं, त्यामुळे टोकांवरून दर्जा कळतो, अस्सलपणा नव्हे.

शंका पक्की वाटली, तर ट्यूब उघडू नये, पिळू तर नयेच. खोकं, बिल आणि आडव्या उजेडातले फोटो जपून ठेवावेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात औषध निरीक्षकाकडे लेखी तक्रार देता येते. कायद्याच्या २६ व्या कलमानुसार स्वतः विकत घेतलेलं कॉस्मेटिक ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घ्यायचा आणि सहीचा अहवाल मिळवायचा हक्क कोणाही ग्राहकाला आहे. फार थोडे लोक तो वापरतात. पेस्टमध्ये फ्लोराइड किती आणि ग्लायकॉल आहे का हे तिथेच कळतं, फोटोतून कधीच नाही.

मिरजेच्या दुकानदारांनी तिन्ही ट्यूब न उघडता, खोक्यांसह निरीक्षकांना दिल्या. निरीक्षकांनी पहिल्यांदा मागितला तो विक्रेत्याचा फोन नंबर आणि दुसऱ्यांदा बॅच नंबरचा फोटो. तक्रारदाराच्या हातातली ट्यूब त्यांच्यासाठी सुगावा असते. रीतसर नमुना त्यांना स्वतः विक्रीच्या जागेवर जाऊन, पावती करून, सीलबंद करून घ्यावा लागतो. कुठल्या मांडणीवरचा कुठला बॅच उचलायचा, हे त्यांना त्या फोटोने सांगितलं.